१/१३ आणि १/२१: सारख्या आवर्तनामागचे दोन वेगळे गट

१ ला १३ ने भागत गेल्यास ०.०७६९२३ ०७६९२३… असा भागाकार येतो आणि सहा अंकांचा तोच तुकडा पुन्हा पुन्हा उमटत राहतो. १ ला २१ ने भागल्यास ०.०४७६१९ ०४७६१९… असा भागाकार येतो, आणि येथेही तुकडा सहाच अंकांचा असतो. साम्य एवढ्यावर थांबत नाही. १ ते १३ मध्ये १३ शी सहमूळ, म्हणजे तिच्याशी १ खेरीज सामाईक अवयव नसणाऱ्या, संख्या १२ आहेत आणि १ ते २१ मध्ये २१ शी सहमूळ असणाऱ्या संख्याही बाराच आहेत. म्हणजे दोन्हीकडे आवर्तन बारा अंकांचे होण्यास जागा होती, आणि दोन्हीकडे ते त्याच्या निम्म्यावर थांबले. या लेखात एकच प्रश्न तपासायचा आहे: ही तूट १० या पायामुळे आली, की भाजकाच्या अंगच्या रचनेमुळे? उत्तर १३ साठी एक आहे आणि २१ साठी दुसरे.

प्रथम भागाकाराच्या बाक्या पाहू. १३ ने भागताना १ पासून निघाल्यावर दर पायरीला आपण बाकीपुढे शून्य मांडतो, म्हणजे तिला १० ने गुणतो, आणि १३ ने भागून नवी बाकी घेतो. अशा बाक्या १, १०, ९, १२, ३, ४ या क्रमाने येतात आणि पुन्हा १ येते. २ पासून निघाल्यास २, ७, ५, ११, ६, ८ अशी दुसरी माळ मिळते, आणि २/१३ चा भागाकार ०.१५३८४६… येतो. बारा बाक्या अशा सहा-सहाच्या दोन चक्रांत वाटल्या जातात. २१ च्या बाबतीत पहिले चक्र १, १०, १६, १३, ४, १९ असे आहे आणि दुसरे २, २०, ११, ५, ८, १७ असे. केवळ दशांश भागाकार पाहणाऱ्याला या दोन भाजकांत काहीही फरक दिसणार नाही.

येथे एक गोष्ट सहज मानली जाते, पण तिला कारण आहे: माळ परत १ वरच का येते? बाक्या मर्यादित असल्यामुळे कोणती तरी बाकी पुन्हा येणार हे उघड आहे, पण ती आरंभीचीच असेल असे नाही. १ ला १२ ने भागून पाहावे. बाक्या १, १०, ४, ४, ४… अशा येतात आणि भागाकार ०.०८३३३… होतो, १ आणि १० या बाक्या पुन्हा कधीच दिसत नाहीत. ४ वर येण्याच्या वाटा दोन आहेत, कारण १० ला १० ने गुणले तरी १२ ने भागून बाकी ४ उरते आणि ४ ला १० ने गुणले तरी ४ च उरते. वाटा एकमेकींत मिसळल्या की मागे कोठून आलो हे सांगता येत नाही. १३ आणि २१ बाबत असे मिसळणे होत नाही, आणि त्याचे कारण म्हणजेच बाक्यांचा गट होण्याचे, म्हणजे गुणाकार त्याच बाक्यांत राहून उलटही फिरवता येण्याचे, कारण.

समजा a ही n शी सहमूळ संख्या आहे आणि ax व ay यांना n ने भागल्यास एकच बाकी उरते. मग n ने a(x − y) ला निःशेष भाग जातो. n आणि a यांच्यात सामाईक अवयव नसल्यामुळे n ने x − y लाच भाग गेला पाहिजे, म्हणजे x आणि y या बाक्या मुळात एकच होत्या. अर्थात a ने गुणल्याने दोन वेगळ्या बाक्या कधी एक होत नाहीत. शिवाय दोन सहमूळ संख्यांचा गुणाकारही n शी सहमूळच राहतो, कारण n च्या एखाद्या मूळ अवयवाने गुणाकाराला भाग गेला असता तर त्याने दोहोंपैकी एकीला भाग गेलाच असता. तेव्हा २१ शी सहमूळ असलेल्या बारा बाक्यांना त्यांच्यापैकीच एका a ने गुणले तर त्याच बारा बाक्या केवळ क्रम बदलून मिळतात. त्या बारांत १ आहे. म्हणून कोणत्या तरी x साठी ax ची बाकी १ येते, आणि हाच a चा गुणाकार व्यस्त. साहचर्य आणि १ हा अविकारक घटक हे दोन्ही साध्या गुणाकाराकडून आपोआप मिळतात. गटाच्या सगळ्या अटी येथे पूर्ण झाल्या.

व्यस्त आहे एवढे या युक्तिवादाने कळते. तो काढायचा असेल तर भागाकार-मसावि पद्धत उलट्या दिशेने चालवावी लागते. आपल्याकडे हेच काम कुट्टक या नावाने होत आले आहे: ४९९ मध्ये आर्यभटांनी त्याची रीत दिली आणि ११५० च्या लीलावतीत भास्कराचार्यांनी त्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. १० ला कितीने गुणावे म्हणजे २१ ने भागून १ उरेल, हा नमुनेदार कुट्टक आहे. त्याचे उत्तर १९, कारण १९० म्हणजे २१ च्या नऊपटीहून १ अधिक. वरच्या माळेत १ च्या आधी १९ का आले, तेही यातून कळते. सहमूळ नसलेल्या बाक्या वगळण्याचे कारणही लगेच दिसते. ७ ला ३ ने गुणल्यास २१ होतात, म्हणजे बाकी शून्य. ७ ला व्यस्त असता तर त्याने दोन्ही बाजू गुणून ३ ची बाकी शून्य आहे असे म्हणावे लागले असते.

गट मिळाल्यावर चक्रे सारख्या लांबीची का, हे वेगळे सिद्ध करण्याची फारशी गरज उरत नाही. १ पासून सुरू होणाऱ्या चक्रातील प्रत्येक बाकीला २ ने गुणले की दुसरे चक्र मिळते, आणि गुणल्याने बाक्या एक होत नसल्यामुळे दुसऱ्याची लांबी पहिल्याएवढीच राहते. म्हणून चक्राच्या लांबीने बाराला निःशेष भाग जातो. लाग्रांजच्या प्रमेयाचा हा अगदी हाताशी असलेला नमुना आहे. एखाद्या बाकीचा सर्वांत लहान कितवा घात १ होतो, त्या संख्येला तिची ऑर्डर म्हणतात. मॉड्यूलो १३ आणि मॉड्यूलो २१, म्हणजे १३ ने आणि २१ ने भागून उरणाऱ्या बाक्यांच्या, या दोन्ही गटांत १० ची ऑर्डर ६ आहे.

आता मुख्य प्रश्न. दशांश सोडून दुसरा पाया घेतला तर आवर्तन बाराचे होईल का? १३ साठी पाया २ घेऊ. २ चे घात १३ ने भागत गेल्यास बाक्या २, ४, ८, ३, ६, १२, ११, ९, ५, १०, ७, १ अशा येतात. बाराही बाक्या एकाच माळेत आल्या. द्विमान पद्धतीत १/१३ चा आवर्ती तुकडा ०००१००१११०११ असा पूर्ण बारा अंकांचा आहे. ज्या एका घटकाच्या घातांतून सगळा गट उभा राहतो त्याला जनक म्हणतात, आणि असा जनक असलेल्या गटाला चक्रीय गट म्हणतात. मॉड्यूलो १३ चा गट चक्रीय आहे. २, ६, ७ आणि ११ हे त्याचे जनक. १० त्यांत नाही, कारण वरच्या माळेत तो २ चा दहावा घात आहे आणि १० व १२ यांचा मसावि २ असल्यामुळे त्याची ऑर्डर निम्मी होते. म्हणजे १३ च्या बाबतीत तूट १० ची होती.

२१ साठी मात्र कोणताही पाया घेतला तरी हाती सहाहून अधिक लागत नाही. बाराही बाक्यांच्या ऑर्डर काढून पाहिल्या तर २, ५, १०, ११, १७ आणि १९ यांची ऑर्डर ६, ४ आणि १६ यांची ३, ८, १३ आणि २० यांची २ आणि १ ची अर्थातच १. बारा ऑर्डरचा एकही घटक नाही. हे मोजून कळले; त्यामागचे कारण २१ = ३ × ७ या अवयवांत आहे. फर्माच्या प्रमेयानुसार ७ ने भाग न जाणाऱ्या कोणत्याही संख्येचा सहावा घात ७ ने भागल्यास १ उरतो, आणि ३ ने भाग न जाणाऱ्या संख्येचा वर्ग, म्हणून सहावा घातही, ३ ने भागल्यास १ उरतो. ज्या संख्येला ३ आणि ७ या दोघांनी भागून १ उरतो तिला २१ ने भागूनही १ च उरतो. तेव्हा या गटातील प्रत्येक घटकाचा सहावा घात १ आहे. बारा घटक मिळतात ते २ आणि ६ यांच्या गुणाकाराने. पण सगळे घटक एकदम १ वर येतात ते त्यांच्या लसाविवर, आणि तो लसावि ६ आहे. दोन घड्याळे, एक दोन तासांचे आणि एक सहा तासांचे, एकत्र लावली तर ती बारा तासांनी नव्हे, सहा तासांनीच पुन्हा आरंभस्थितीत येतात.

हाच अडथळा सर्वसाधारणपणे असा मांडता येतो. n चे २ हून मोठे असे दोन सहमूळ अवयव r आणि s करता आले, तर r शी सहमूळ बाक्यांची संख्या सम असते, कारण अशा प्रत्येक बाकी a सोबत r − a ही तिची जोडीदारही असते. s चेही तेच. दोन सम संख्यांचा लसावि त्यांच्या गुणाकाराच्या निम्म्याहून अधिक असूच शकत नाही. म्हणून असा n चक्रीय गट देत नाही.

घातांच्या माळा न लिहिताही हा दोष पकडता येतो, आणि मला ही चाचणी विशेष मोलाची वाटते. चक्रीय गटात ज्यांचा वर्ग १ आहे असे घटक दोनहून अधिक नसतात. मॉड्यूलो १३ मध्ये ते १ आणि १२ एवढेच आहेत. मॉड्यूलो २१ मध्ये मात्र १ आणि २० यांच्याबरोबर ८ आणि १३ हेही आहेत: ८ चा वर्ग ६४, म्हणजे ६३ अधिक १. ही जादा मुळे आली कोठून? ८ ला ७ ने भागल्यास १ उरतो आणि ३ ने भागल्यास २, म्हणजे उणे १. एका अवयवाशी अधिक १ आणि दुसऱ्याशी उणे १ अशी ती संख्या आहे. १३ मध्ये या भूमिकांची अदलाबदल होते. उलट, असे एखादे जादा वर्गमूळ हाती लागले तर n चे अवयवही सापडतात, कारण ८ वजा १, म्हणजे ७, आणि २१ यांचा मसावि ७ येतो. २ हून मोठ्या n साठी ही चाचणी दोन्ही दिशांनी खरी आहे: १ ची वर्गमुळे दोनच असतील तर गट चक्रीय, अधिक असतील तर नाही. कोणत्याही गटाला मात्र ती लावू नये. दोन तीन-तीन घटकांच्या चक्रीय गटांच्या जोडणीतून होणाऱ्या नऊ घटकांच्या गटात वर्ग १ असणारा घटक एकच आहे, तरी तो गट चक्रीय नाही. येथे चाचणी चालते ती हे गट बाक्यांचे आहेत म्हणून.

१३ साठी जनक प्रत्यक्ष दाखवता आला. पण प्रत्येक मूळ संख्येला जनक असतोच असे म्हणायचे असेल तर उदाहरण पुरत नाही. या विधानाची निर्दोष सिद्धता गाउसने १८०१ च्या डिस्क्विझिशनेस अरिथमेटिके या ग्रंथात दिली; त्याआधीच्या ऑयलरच्या सिद्धतेत उणिवा असल्याचे त्याने नोंदवले आहे. त्याचा मोजणीचा युक्तिवाद १३ वरच चालवून पाहू, कारण त्यात १३ च्या ऐवजी कोणतीही मूळ संख्या ठेवता येते.

पहिली पायरी अशी की मूळ मापांकावर, म्हणजे जिने भागून बाकी घ्यायची ती संख्या मूळ असताना, d कोटीच्या बहुपदीला d हून अधिक मुळे नसतात. शाळेत मूळ मिळाले की तेवढा अवयव काढून बहुपदी लहान करतो, तेच येथे चालते, कारण मूळ मापांकावर गुणाकार शून्य झाला तर एक तरी अवयव शून्य असतोच. २१ वर हीच गोष्ट मोडते: (८ − १)(८ + १) म्हणजे ६३, बाकी शून्य, पण ७ किंवा ९ दोन्ही शून्य नाहीत. मघाची जादा वर्गमुळे शिरली ती याच फटीतून.

आता समजा मॉड्यूलो १३ मध्ये d ऑर्डरचा एक घटक a आहे. त्याचे d घात सगळे वेगळे आहेत आणि सगळे xᵈ − १ या बहुपदीची मुळे आहेत. d हून अधिक मुळे असूच शकत नाहीत, म्हणून d ऑर्डरचे सर्व घटक या घातांतच सापडले पाहिजेत. त्यांपैकी ज्यांचा घातांक d शी सहमूळ आहे तेवढ्यांचीच ऑर्डर नेमकी d असते. म्हणून d ऑर्डरचे घटक एक तर मुळीच नसतात, किंवा १ ते d मध्ये d शी सहमूळ जितक्या संख्या तितकेच असतात. बाराचे विभाजक १, २, ३, ४, ६, १२ यांच्यासाठी हे आकडे अनुक्रमे १, १, २, २, २, ४ आहेत. त्यांची बेरीज बारा होते, आणि ती योगायोगाने नव्हे: १/१२, २/१२, … १२/१२ हे बारा अपूर्णांक संक्षिप्त रूपात लिहिले की प्रत्येक छेदाखाली नेमके एवढेच अपूर्णांक जमतात. गटात घटकही बारा आहेत आणि प्रत्येकाला कोणती तरी ऑर्डर आहे. तेव्हा एकही रकाना रिकामा राहिला तर घटकांची बेरीज भरणार नाही. बारा ऑर्डरचे चार नसते तर उरलेल्यांत आठच मावले असते. म्हणून जनक आहेत, आणि ते चार आहेत.

या सिद्धतेतून जनक असल्याचे कळते, पण तो कोणता हे कळत नाही. तो शोधण्यासाठी एक-एक संख्या घेऊन तपासावीच लागते, मात्र सगळे घात काढण्याची गरज नसते. बाराचे मूळ अवयव २ आणि ३ असल्यामुळे सहावा आणि चौथा एवढेच घात पाहावेत. दोहोंपैकी एकही १ नसेल तर ऑर्डर बाराच. २ चा चौथा घात ३ येतो आणि सहावा १२ येतो, म्हणून २ जनक. १० चा सहावा घात १ येतो, म्हणून तो बाद. मोठ्या मापांकासाठी ही रीत चालवायची तर गटाच्या घटकसंख्येचे मूळ अवयव आधी माहीत असावे लागतात, आणि खरी अडचण बहुधा तेथेच येते. १० हाच जनक असेल अशा मूळ संख्या अनंत आहेत का, हे तर अजून सिद्ध झालेले नाही. १९२७ मध्ये आर्टिन यांनी मांडलेल्या अनुमानातील तो एक भाग आहे.

बारा घटकांचे गट देणारे आणखी चार मापांक आहेत: २६, २८, ३६ आणि ४२. त्यांपैकी २६ चक्रीय आहे, कारण मॉड्यूलो २ मध्ये व्यस्त असणारी बाकी १ ही एकटीच आहे आणि तिच्यामुळे लसावित काही बिघडत नाही. जनक म्हणून २ सम असल्याने चालणार नाही, पण २ अधिक १३, म्हणजे १५, चालतो. ४२ ची स्थिती २१ सारखीच. २८ आणि ३६ यांत ४ हा अवयव ७ किंवा ९ च्या जोडीला बसतो आणि पुन्हा २ व ६ यांचा लसावि आडवा येतो. ४ एकटा असेल तर १ आणि ३ यांचा गट चक्रीयच आहे. पण ८ पासून २ चे घात निरुपयोगी ठरतात, कारण ३, ५ आणि ७ या तिन्हींचे वर्ग ८ ने भागल्यास १ च उरतो. १६, ३२ आणि पुढच्या घातांतही जनक मिळत नाही, कारण तेथे जनक असता तर त्याच्या घातांनी मॉड्यूलो ८ च्या चारही बाक्या व्यापल्या असत्या.

उरल्या विषम मूळ संख्यांचे घात. मूळ संख्येचा वर्ग घेतला की मापांक मूळ राहत नाही आणि मुळांच्या मोजणीचा युक्तिवाद तसाच लावता येत नाही, तरी गट चक्रीय राहतो. ४९ घेऊ. मॉड्यूलो ७ मध्ये १० ची ऑर्डर ६ आहे. मॉड्यूलो ४९ च्या गटात ४२ घटक आहेत, आणि तेथे १० ची ऑर्डर ६ च्या पटीत असून तिने ४२ ला भाग गेला पाहिजे, म्हणजे ती ६ किंवा ४२. ती ६ असायची तर ९९९९९९ ला ४९ ने भाग जायला हवा. पण त्या संख्येत ७ हा अवयव एकदाच येतो. म्हणून ऑर्डर ४२, आणि १/४९ चे आवर्तन ४२ अंकांचे. वर्गासाठी जनक झालेली संख्या विषम मूळ संख्येच्या पुढच्या प्रत्येक घातासाठीही जनक राहते. अशा रीतीने १, २, ४, pᵏ आणि २pᵏ (p विषम मूळ संख्या) एवढ्याच मापांकांचे गट चक्रीय ठरतात.

मात्र एक पायरी येथेही निसटू शकते. मूळ संख्येसाठी जनक असलेली संख्या तिच्या वर्गासाठी जनक असेलच असे नाही. ४८७ ही मूळ संख्या आहे आणि १/४८७ चे आवर्तन पूर्ण ४८६ अंकांचे आहे. मात्र १० चा ४८६ वा घात वजा १ या संख्येला ४८७ च्या वर्गानेही भाग जातो, त्यामुळे ४८७ चा वर्ग छेदस्थानी घेतला तरी आवर्तन ४८६ अंकांचेच राहते, जेथे त्याच्या ४८७ पट लांबीला वाव होता. तूट पुन्हा १० ची आहे, गटाची नाही. g ऐवजी g + p घेतल्यास p − १ व्या घाताच्या विस्तारात (p − १)·gᵖ⁻²·p हे एक पद वाढते, आणि त्याला p च्या वर्गाने भाग जात नाही. म्हणून g अपुरा पडला तर g + p हमखास चालतो. ४८७ च्या वर्गासाठी १० च्या जागी ४९७ हा पाया घेतला की आवर्तन पूर्ण लांबीचे, २३६६८२ अंकांचे मिळते.